पुढच्या आठवड्यात की पुढच्या रविवारी?

व्हिएन्नातल्या एखाद्या रुग्णालयाचं साधं पत्र घेऊ: ‘पुढच्या आठवड्यात रक्तदाब मोजायला या.’ या शहरात पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून, म्हणजे आजच्या सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया अशा देशांतून, आलेली माणसं पुष्कळ आहेत. 1966 साली ऑस्ट्रियाने युगोस्लाव्हियाशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हापासून ती येत राहिली. त्यांच्यासाठी पत्राचं भाषांतर करायचं आहे. अनुवादकाच्या हाताशी बेलग्रेडच्या सर्बियनमधला मजकूर तयार आहे: ‘स्लेदेचे नेदेल्ये’, म्हणजे पुढच्या आठवड्यात. क्रोएशियन वाचकासाठी तो फक्त उच्चार बदलतो. सर्बियनमध्ये जिथे ‘ए’ येतो तिथे क्रोएशियनमध्ये बहुतेकदा ‘ये’ किंवा ‘इये’ येतो, दुधाला तिकडे ‘म्लेको’ तर इकडे ‘म्लियेको’. त्या नियमाने ‘स्ल्येदेचे नेद्येल्ये’ असं बिनचूक व्याकरणाचं रूप तयार होतं. झाग्रेबहून आलेली आजी ते वाचते आणि रविवारी रुग्णालयाच्या बंद दारापाशी जाऊन उभी राहते.

असं का होतं, ते शब्दाच्या पोटातच आहे. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘देलाती’ म्हणजे काम करणं. नेदेल्या हा मुळात काम न करण्याचा दिवस, रविवार. सर्बियनमध्ये तोच शब्द एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतच्या काळालाही लागला आणि आज तिथे दोन्ही अर्थ चालतात. क्रोएशियनमध्ये तो रविवारपुरताच राहिला. आठवड्याला ‘त्येदान’ म्हणतात, म्हणजे तोच दिवस पुन्हा फिरून येणं. बोस्नियात ‘सेदमित्सा’ रूढ आहे. त्यातला ‘सेदाम’ म्हणजे सात, आपल्या ‘सप्त’चाच भाऊबंद. (आपण मात्र आठवर मोजून आठवडा म्हणतो.)

योगायोग असा, की या भाषांना एकत्र आणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न याच शहरात झाला. मार्च 1850 मध्ये सर्बियन आणि क्रोएशियन लेखक-भाषापंडित व्हिएन्नात जमले. सर्बियन भाषेचे सुधारक वूक काराजिच त्यांत होते, क्रोएशियन कवी इवान माझुरानिच होते. दोन्ही लोकांनी एकाच बोलीवर आपलं साहित्य उभारावं, असं त्यांनी ठरवलं. बोलीचा पाया आणि व्याकरणाचा सांगाडा यामुळे सारखा झाला, पण शब्द कुठून आणायचे यावर एकमत नव्हतंच. वूक यांची भिस्त लोकांच्या तोंडच्या बोलीवर होती, मग तो शब्द तुर्की असो की ग्रीक. हजाराला ‘हिल्यादा’ हा शब्द ग्रीकमधूनच आला. झाग्रेबमध्ये वारं उलट दिशेचं होतं. जर्मन आणि हंगेरियन सत्तेच्या छायेत वाढलेल्या तिथल्या विद्वानांना परका शब्द म्हणजे परकी सत्ता वाटे. बोगोस्लाव शुलेक यांनी 1870 च्या दशकात शास्त्रीय परिभाषेचा कोश केला, त्यासाठी शब्द घडवले, काही चेकमधून उचलले. म्हणून ऑक्सिजन बेलग्रेडमध्ये ‘किसेओनिक’ आणि झाग्रेबमध्ये ‘किसिक’. भाषाशुद्धीसाठी सावरकरांनी मराठीत ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द दिले, त्यामागची तळमळ ज्याला ठाऊक आहे त्याला शुलेक परके वाटणार नाहीत.

आपल्या पत्रातला ‘रक्तदाब’ इथेच अडतो. सर्बियन आणि बोस्नियन वाचक ‘प्रितिसाक’ म्हणतो, क्रोएशियन वाचक ‘त्लाक’. क्रोएशियन माणसाला ‘प्रितिसाक’ कळत नाही असं मुळीच नाही, तो शब्द त्यालाही ठाऊक आहे. पण रुग्णालयाच्या पत्रात तो दिसला की हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही, हे त्याच्या लगेच लक्षात येतं.

या जाणिवेला धार आली ती विसाव्या शतकात. 1941 ते 1945 या काळात नाझींच्या आश्रयाने क्रोएशियात चाललेल्या उस्ताशा राजवटीने शब्दशुद्धी हुकमाने लादली. रेडिओला ‘क्रुगोव्हाल’ म्हणायचं, टेलिफोनला ‘ब्र्झोग्लास’. युद्धानंतर टिटोच्या राज्यात काटा दुसऱ्या टोकाला गेला. 1954 च्या नोव्ही साद करारात ही एकच भाषा आहे, तिची दोन उच्चाररूपं आहेत आणि दोन्ही लिप्या समान आहेत, असं जाहीर झालं. सामायिक शब्दकोशाचं काम सुरू झालं. पहिले दोन खंड 1967 मध्ये आले, तेव्हा आपल्या रोजच्या शब्दांना यात प्रादेशिक बोलीसारखं बाजूला बसवलंय, अशी झाग्रेबची तक्रार होती. त्याच वर्षी मार्चमध्ये क्रोएशियन संस्थांनी स्वतंत्र साहित्यभाषेचा जाहीरनामा काढला आणि सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने त्यावर कडाडून टीका केली. 1971 मध्ये छापलेला क्रोएशियन शुद्धलेखनाचा ग्रंथ तर नष्ट करण्यात आला. पुढच्या वर्षी तो लंडनमध्ये पुन्हा छापावा लागला. शुद्धलेखनाचं पुस्तक चोरून वाचायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांच्याशी ‘अहो, एकाच अर्थाचे तर शब्द आहेत’ अशा सुरात बोलता येत नाही.

पण उलट चूकही तितकीच खरी आहे. क्रोएशियन वाचकाला खूश करायचं म्हणून अनुवादक शोधून शोधून शुद्ध शब्द घालतो आणि एखादा शब्द 1941 चा निघतो. ‘त्लाक’, ‘त्येदान’, औषधांच्या दुकानासाठी ‘ल्येकार्ना’ हे रोजचे शब्द आहेत, ते निर्धास्त वापरावेत. ‘ब्र्झोग्लास’ मात्र वाचकाच्या अंगावर काटा आणेल.

बोस्नियन म्हणजे या दोघींची सरासरी, हा समजही चुकीचा आहे. उच्चार क्रोएशियनसारखा ‘म्लियेको’, औषधांचं दुकान सर्बियनसारखं ‘अपोतेका’, इतिहास मात्र ‘हिस्तोरिया’; सर्बियन ‘इस्तोरिया’ म्हणतात, क्रोएशियन ‘पोवियेस्त’. हा ‘ह’ महत्त्वाचा आहे. कॉफी ‘काह्वा’, सोपं ते ‘लाह्को’. बोस्नियाच्या मुस्लिमांच्या बोलीत टिकलेला हा हकार 1990 च्या दशकात प्रमाण लेखनात ठामपणे मांडला गेला. बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या डेटन शांतता करारावर 1995 मध्ये सह्या झाल्या तेव्हा त्याच्या प्रती इंग्रजीसह बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन अशा होत्या. आणि त्याच बोस्नियात राहणारे सर्ब स्वतः ‘म्लियेको’च म्हणतात. बेलग्रेडचा मजकूर बान्या लुकाच्या सर्ब वाचकालाही बाहेरचाच वाटतो. म्हणून भाषेचं नाव कळून अनुवादकाचं भागत नाही, गाव विचारावं लागतं.

वेगळेपणा नसेल तिथे मात्र तो उकरून काढू नये. बोस्नियातल्या सिगारेटच्या पाकिटांवर ‘धूम्रपान प्राणघातक आहे’ हा इशारा तीनदा छापलेला असे: दोन ओळी रोमन लिपीत अक्षरशः सारख्या, तिसरी सिरिलिकमध्ये. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या न्यायाधिकरणाने तिन्हींना एकाच नावाखाली धरलं होतं. तोंडी दुभाषेगिरीत ते निभतं, कारण साक्षीदार आपले शब्द बोलतो आणि दुभाषा ते समजून घेतो. छापील पत्रात परत विचारायची सोय नसते.

तेव्हा व्हिएन्नाच्या पत्रासाठी पैसे आणि वेळ असेल तर तीन मजकूर करावेत. क्रोएशियनमध्ये ‘स्ल्येदेचेग त्येद्ना’ आणि ‘त्लाक’, बोस्नियनमध्ये ‘स्ल्येदेचे सेदमित्से’ आणि ‘प्रितिसाक’, सर्बियनमध्ये ‘स्लेदेचे नेदेल्ये’. एकच मजकूर परवडत असेल, तर आठवडा हा शब्दच काढून वार आणि तारीख द्यावी, महिना आकड्यात. ऑक्टोबरला क्रोएशियनमध्ये ‘लिस्तोपाद’ म्हणतात, पानगळ. बाकी दोघी ‘ओक्तोबार’ म्हणतात. ‘12. 10.’ तिघांनाही सारखंच वाचता येतं. रक्तदाबाला ‘त्लाक/प्रितिसाक’ अशी तिरकी रेघ द्यावी. आणि पत्राच्या माथ्यावर एकाच भाषेचं नाव न घालता ऑस्ट्रियात चालतं ते ‘बी-के-एस’ लिहावं: बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन.