एकट्याचं दुखणं, हजारांचा कोरस

1985 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन डी.सी.मधली पंक रॉक वाजवणारी काही पोरं स्वतःच्याच मैफलींना कंटाळली होती. हार्डकोर पंक म्हणजे सुसाट वेग, व्यवस्थेवरचा राग आणि स्टेजसमोर हाणामारी. याच मंडळींतून ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ हा बँड आला. गिटार पूर्वीइतकीच कर्कश होती, पण त्यांचा गायक गी पिचोटो ओरडत होता ते स्वतःच्या हुरहुरीबद्दल, हातून निसटलेल्या माणसांबद्दल. या संगीताला ‘इमोकोर’, म्हणजे भावनिक हार्डकोर, असं नाव चिकटलं. ते त्यांना कधीच आवडलं नाही.

तरी ही गाणी घोळक्यानं गाण्यासारखी नव्हती. शब्द धावत सुटायचे, धरून ठेवायला धृपद नसायचं. ती सोय पॉप पंकनं, म्हणजे गुणगुणता येणाऱ्या चालींच्या पंकनं, केली. 1994 मध्ये ‘ग्रीन डे’ बँडच्या बिली जो आर्मस्ट्राँगनं स्वतःला येणाऱ्या पॅनिक अटॅकवर ‘बास्केट केस’ लिहिलं, आणि चाल अशी बांधली की दुसऱ्यांदा ऐकताना ओठ आपोआप हलावेत.

‘जिमी ईट वर्ल्ड’ बँडच्या ‘द मिडल’ गाण्यामध्ये तर आणखी एक गोष्ट घडली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका चाहतीनं बँडला ईमेल केला होता: शाळेतली पंक मुलं मला आपल्यात घेत नाहीत. बँडचीही तेव्हा तीच गत होती. कॅपिटल रेकॉर्ड्सची साथ सुटलेली, आणि नवा अल्बम पदरचे पैसे घालून चाललेला. पण गायक जिम ॲडकिन्सनं स्वतःचं रडगाणं गायलं नाही, त्या मुलीची समजूत घातली. गाण्यातला ‘मी’ मागे सरला आणि ‘तू’ पुढे आला. एवढ्या बदलानं ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून झालं. पावणेतीन मिनिटांचं हे गाणं 2002 मध्ये बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं.

त्याच वर्षी ‘डॅशबोर्ड कन्फेशनल’चा एमटीव्ही अनप्लग्ड कार्यक्रम झाला. त्याचा गायक ख्रिस काराबाची गाणी म्हणजे डायरीची पानंच. एकात तर सोडून गेलेल्या मुलीचे केस घरभर सापडत राहतात. इतकी खासगी गोष्ट, पण समोरची मुलंमुली शब्द न् शब्द त्याच्यासोबत गात होती, कुठेकुठे त्याचा आवाज बुडून जाईपर्यंत. ते ध्वनिमुद्रण ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

पण या डायऱ्या बहुतेक मुलांच्याच होत्या, आणि मुलगी त्यात बहुधा दगा देऊन गेलेली. 2003 मध्ये ‘पंक प्लॅनेट’ मासिकात संगीत समीक्षक जेसिका हॉपरनं नेमकं हेच विचारलं: या गाण्यांत मुलींना नाव नाही, स्वतःची बाजू नाही, मग त्या आहेत कुठे? त्या पहिल्या रांगेत उभ्या होत्या, आणि ज्या गाण्यात आरोपी आपणच आहोत तेच तोंडपाठ म्हणत होत्या.