पडदा न हलवता राग बदलतो तेव्हा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीचे पडदे लावताना पाहिलं की ‘थाट’ म्हणजे काय ते चटकन कळतं. दांडीवरचे धातूचे वाकडे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. शुद्ध रिषभाचा पडदा बोटाने खुंट्यांच्या बाजूला थोडा सरकवला की कोमल रिषभ मिळतो. रागासाठी पडदे असे जागी बसवणं म्हणजे थाट लावणं. अशा सतारीला ‘चल थाटा’ची म्हणतात.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हीच कल्पना रागांच्या वर्गीकरणाला लावली. षड्ज आणि पंचम अचल. रे, ग, म, ध, नी यांची प्रत्येकी दोन रूपं. थाटात सातही स्वर हवेत आणि प्रत्येकाचं एकच रूप घ्यायचं. अशा जुळण्या होतात ३२. त्यांतल्या दहा त्यांनी निवडल्या: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. शेकडो राग यांत बसवल्यामुळे विद्यार्थ्याला एक नकाशा मिळाला, आणि तो आजही उपयोगी आहे.

पण भूप आणि देशकार घ्या. दोघांत तेच पाच स्वर: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद दोघांतही नाहीत. तरीही भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलात! या दोन थाटांत फरक असतो तो फक्त मध्यमाचा: कल्याणात तीव्र, बिलावलात शुद्ध. म्हणजे जो स्वर दोन्ही रागांत लागतच नाही, त्याच्यावरून त्यांची घरं वेगळी झाली. सतारीवर भूप संपवून देशकार सुरू करा, एकही पडदा हलवावा लागत नाही.

मग राग बदलतो कशाने? भूप गंधाराभोवती फिरतो. ‘सा रे ग, प ग, रे सा’ असं सावकाश म्हणा, मुक्काम गंधारावर, आणि रिषभही मोकळा लागू द्या. आता ‘सां ध, प, ग प ध, प’ म्हणून पाहा. ओढ वरच्या धैवताकडे गेली, रिषभ दुबळा झाला, की देशकार उभा राहतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. देशकार गाताना नवशिका गंधारावर रेंगाळला, की ऐकणारा लगेच म्हणतो, “अरे, भूप झाला.” स्वर एकही चुकलेला नसतो.

भातखंड्यांना हे पक्कं ठाऊक होतं. रागाचा सर्वांत महत्त्वाचा स्वर म्हणजे वादी, त्याखालोखालचा संवादी, आणि रागाची वेळ हे सगळं त्यांनी रागागणिक लिहून ठेवलं. मला तर वाटतं, भूपाला कल्याणात बसवताना त्यांनी स्वर मोजले नाहीत, त्याची चाल ऐकली; तो शुद्ध कल्याण या रागाच्या जवळचा वाटतोच.

अहिरभैरवाचं वेगळंच. त्यात कोमल रे आणि कोमल नी, बाकी सगळे स्वर शुद्ध. ही जुळणी ३२ मध्ये आहे, दहात नाही. त्याला भैरव थाटात घेतात ते पूर्वांगातल्या, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागातल्या ‘ग म रे सा’मुळे, धैवत आणि निषाद मात्र त्या थाटाशी जुळत नाहीत. त्यासाठी पडदे लावायचे तर दहांतला भैरव थाट उपयोगाचा नाही, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद दोन्ही बदलावे लागतात.