गोरज मुहूर्त आणि दोन फोटोग्राफर: नमुन्याच्या फोटोंत प्रकाश कसा वाचायचा

दोन फोटोग्राफरांचे नमुने समोर येतात तेव्हा बहुतेक घरांत तुलना होते ती दोन उजेडांची. एकाने पाठवलेला फोटो सकाळी दहाला कार्यालयाच्या खिडकीपाशी काढलेला असतो, दुसऱ्याचा रात्री नऊला रिसेप्शनच्या स्टेजवर. पहिला ‘सुंदर’ ठरतो आणि दुसरा ‘जरा भडक’. खरं तर खिडकीच्या उजेडात चेहरा वाईट काढणंच अवघड असतं. म्हणून आधी आपल्या लग्नात उजेड कोणता असणार ते ठरवावं आणि मग त्याच उजेडातले दोघांचे फोटो मागावेत.

पुण्यातला सगळ्यांत अवघड उजेड म्हणजे लॉनवरचा गोरज मुहूर्त. इथे तोच घेऊ. समजा, लग्न डिसेंबरच्या मध्यावर आहे, जागा डीपी रस्त्याकडचं एखादं लॉन आहे आणि मुहूर्त सहा वाजून आठ मिनिटांचा आहे. त्या दिवसांत पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. निरभ्र आकाश असेल तर सूर्यास्ताच्या वेळी उघड्यावर साधारण ४०० लक्स उजेड असतो. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप आहे. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत हा आकडा तीन-चार लक्सवर येतो, म्हणजे उजेड शंभरपटीहून अधिक घटतो. डोळ्यांना ही घसरण फारशी जाणवत नाही, कारण बाहुली मोठी होत जाते आणि दृष्टिपटलही सरावत जातं. कॅमेऱ्याला मात्र प्रत्येक निम्म्या उजेडामागे काही तरी किंमत मोजावी लागते. त्यात हौशी मंगलाष्टकं आली की मुहूर्त गाठताना सगळ्यांचीच धांदल होते. काकूंनी स्वतः रचलेली चार कडवी म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात निम्मा उजेड गेला.

उजेड नुसता कमी होत नाही, त्याचा रंगही फाटतो. सूर्य गेल्यावर लॉनवर उरतो तो निळ्या आकाशाचा प्रकाश, त्याचं रंगतापमान १०,००० केल्विनच्याही वर जाऊ शकतं. मांडवातले पिवळसर दिवे साधारण ३,००० केल्विनचे असतात. केल्विनचा आकडा जितका लहान तितका प्रकाश नारिंगी, जितका मोठा तितका निळा. नवरीच्या चेहऱ्याची दिव्यांकडची बाजू नारिंगी आणि मोकळ्या लॉनकडची बाजू निळी, असं दृश्य कॅमेऱ्यापुढे असतं. आपला मेंदू दोन्हीकडे सवयीने ‘त्वचा’च पाहतो. कॅमेरा एका फोटोसाठी पांढऱ्याची एकच व्याख्या धरतो. तिलाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. चेहरा बरोबर केला तर आकाश गडद निळं होतं, आकाश बरोबर केलं तर चेहरा संत्र्यासारखा दिसतो.

म्हणून दोघांकडे निवडक वीस फोटो मागू नयेत. लॉनवरच्या एका संध्याकाळच्या लग्नाची पूर्ण गॅलरी मागावी, जी त्या कुटुंबाला प्रत्यक्ष दिली गेली तीच. अर्थात त्या कुटुंबाची परवानगी असायला हवी. फाइली व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नयेत. तिथे त्या लहान होतात, कमी उजेडात फोटोवर उमटणारे बारीक दाणे पुसले जातात आणि शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला होता, फोटो कधी काढला, ही फाइलमध्ये लपलेली माहितीही निघून जाते. ड्राइव्हची लिंक घ्यावी. दोघांचे फोटो एकाच लॅपटॉपवर, रात्रीचा पिवळा मोड बंद करून, शेजारी शेजारी आणि सारख्याच आकारात लावावेत. मोबाइलवर सगळेच फोटो चांगले दिसतात.

पहिला शोध वेळेचा. विंडोजवर फाइलच्या Properties मध्ये Details उघडलं की Date taken, Exposure time आणि ISO speed दिसतात. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून आकाशाशी ताडून पाहावं. मागे आकाश गडद निळं असेल तर फोटो सूर्यास्तानंतरच्या साधारण अर्ध्या तासातला. काळं असेल तर त्यानंतरचा, आणि मग तो तुमच्या मुहूर्तासाठी फारसा पुरावा नाही.

मग अंतरपाट पाहावा. आपल्या लग्नात ऐन मोक्याच्या क्षणी दोन चेहऱ्यांच्या मधोमध एक पांढरा कपडा धरलेला असतो, फोटोग्राफरांना रंग जुळवायला याहून चांगलं साधन कोण देणार! कपडा भरजरी किंवा रंगीत असेल तर उपरणं किंवा मुंडावळ्यांचे मोती चालतील. फोटो पेंटमध्ये उघडून रंग उचलणाऱ्या ड्रॉपरने पांढऱ्या भागावर टिचकी मारून Edit colors उघडलं की त्या ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळतात, शून्य ते २५५ मधले. २३५, २२८, २१४ असे आले तर पांढरा किंचित उबदार आहे, लग्नाच्या फोटोला शोभतो. २४०, २०५, १५० आले तर कपडा पांढरा राहिलेलाच नाही. आता तीच टिचकी गालावर मारा. त्वचा गोरी असो वा सावळी, चांगल्या उजेडात आकडे लाल, हिरवा, निळा असेच उतरत्या क्रमाने येतात. हिरवा लालच्या बरोबरीला आला तर चेहरा आजारी दिसतो. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात गडद लाल लहरी कमी असतात, तिथे असं होतं, आणि ज्या लहरी पडल्याच नाहीत त्या नंतर संगणकावर पूर्णपणे परत आणता येत नाहीत. लालचा आकडा गालभर २५५ असेल तर गालाचा उंचवटाच हरवलेला असतो. जांभळ्या-गुलाबी पार लाइटखाली, म्हणजे स्टेजवरच्या रंगीत झोताच्या दिव्यांखाली, हे नेहमी घडतं.

सगळाच फोटो सारखा उबदार असेल तर ती आवड झाली, फोटोग्राफरशी बोलून बदलता येते. अंतरपाट नारिंगी, एक गाल निळा आणि कपाळ हिरवट असेल तर ती आवड नव्हे. तिथे तीन वेगवेगळे उजेड एकमेकांवर सांडले आहेत आणि फोटोग्राफरने त्यांतला एकही आवरलेला नाही.

तिसरी खूण अक्षता. उडालेल्या तांदळाचा वेग सेकंदाला चार मीटर धरला, तर एक साठांश सेकंद शटर उघडं असताना दाणा जवळपास सात सेंटीमीटर सरकतो आणि फोटोत रेघ उमटते. सेकंदाच्या पाचशेव्या भागात तो जेमतेम आठ मिलिमीटर सरकतो आणि दाणा दाण्यासारखा दिसतो. म्हणजे रेघेची लांबी पाहून शटरचा अंदाज येतो. याला उजेडाचा हिशेब जोडून पाहा. एफ २.८ इतकं तोंड उघडणारी लेन्स, आयएसओ ३२०० आणि १६० लक्स उजेड असेल तर साधारण १/२५० सेकंदाचं शटर मिळतं. उजेड ४० लक्सवर आला की तेच एक साठांशावर उतरतं. दिवे सोडून नुसतं आकाश धरलं तर सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटांतच ही वेळ येते. पुढे मार्ग दोनच उरतात. आयएसओ वाढवून दाणेदार फोटो पत्करायचा, नाहीतर स्वतःचा प्रकाश आणायचा.

स्वतःचा प्रकाश कुठून आणला ते डोळ्यांत दिसतं. चेहऱ्याचा जवळचा फोटो मोठा करून बुबुळातली चमक पाहावी. मधोमध एकच टोकदार ठिपका म्हणजे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारलाय, मागे कडक सावलीही सापडेल. बाजूला वरच्या कोपऱ्यात मोठा चौकोन दिसला तर स्टँडवर सॉफ्टबॉक्स होता, म्हणजे फ्लॅशवर बसवलेली, उजेड मऊ करणारी पांढऱ्या पडद्याची पेटी. कार्यालयात सरावलेले फोटोग्राफर फ्लॅश छताकडे वळवतात, पांढऱ्या छतावरून मऊ उजेड परत येतो. लॉनला छत नसतं, तो फ्लॅश आभाळात जातो. मांडवाचं कापड पांढरं आणि फार उंच नसेल तर थोडा परत येतो, पण कापड गुलाबी असेल तर सगळे वऱ्हाडीही गुलाबी होतात. होमाच्या फोटोंत आणखी एक गंमत सापडते. समोरून मारलेल्या फ्लॅशने धूर पांढरा पेटतो, धुक्यात गाडीचा दिवा लावावा तसा, आणि त्यामागचे नवरा-नवरी फिके पडतात.

आता प्रत्यक्ष तुलना करू. पहिल्या फोटोग्राफरच्या सव्वासहाच्या फोटोंत फ्लॅश नाही, आयएसओ ६४००, चेहरे मऊ आणि घरगुती, कुणी पोज दिलीय असं वाटत नाही. पण अक्षतांच्या बोटभर रेघा आहेत, अंतरपाटाची लॉनकडची अर्धी बाजू निळी आहे आणि साडेसहानंतरच्या फोटोंत शालूचं काठपदर दाण्यांत विरघळलंय. दुसऱ्याने स्टँडवर सॉफ्टबॉक्स लावून त्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, चढवलंय, की फ्लॅशचा रंग मांडवातल्या दिव्यांशी जुळावा. त्यामुळे अंतरपाट पांढरा आहे, प्रत्येक अक्षता हवेत थांबलेली आहे आणि मागचं आकाश शाईसारखं निळं उतरलंय. खोट एवढीच की सगळे चेहरे सारखेच उजळलेले दिसतात, नाटकातल्यासारखे, आणि स्टँडचा पाय तीन-चार फोटोंत आलाय.

जोडप्याला पहिल्याचेच फोटो आवडले असतील, तर फक्त उजेडाच्या नावाखाली त्याला बाद करायची गरज नाही. मुहूर्त पाऊणतास अलीकडचा मिळाला तर पहिलाच बरा. सहा वाजून आठचाच मुहूर्त पक्का असेल तर डेकोरेटरशी बोलून पाहावं. विधी चालू असताना जांभळे पार लाइट बंद, आणि मांडवाच्या पुढच्या दोन खांबांवर ३,००० केल्विनचे, पांढऱ्या कापडाआडून येणारे दोन दिवे. ते चेहऱ्यांपासून चार मीटरऐवजी दोन मीटरवर आणले तर उजेड चौपट मिळतो, कारण छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. चौपट उजेड म्हणजे एक साठांशाचं शटर पुन्हा १/२५० वर येतं, आणि अक्षतेची रेघ सात सेंटीमीटरवरून दीड सेंटीमीटरवर. डेकोरेटर यातलं काहीच करायला तयार नसेल (पार लाइट पॅकेजातच आहेत, हे उत्तर ठरलेलं), तर आवड थोडी बाजूला ठेवून दुसऱ्याला घ्यावं आणि सॉफ्टबॉक्सचा जोर निम्मा ठेवायला सांगावं. चेहरे मग कमी नाटकी होतात.

दोघांत तरीही ठरत नसेल तर एक संध्याकाळ काढून, ज्याच्याकडे कल आहे त्याला लॉनवर बोलवावं. सहा ते साडेसहा या वेळात कुणाला तरी पांढरं उपरणं हातात देऊन मांडवाच्या जागी उभं करावं आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो काढायला सांगावा. लॉनचे दिवे त्या दिवशीही लावायला सांगायला विसरू नये, नाहीतर सगळी मेहनत नुसत्या आभाळावर जाते.