ओट्याखालची जागा आणि १४.२ किलोचा सिलिंडर

स्वयंपाकघराचं काम काढलं की सुतार पहिल्यांदा विचारतो, "गॅस कुठे ठेवणार?" आपण बोटाने कोपरा दाखवतो, तो पेन्सिलीने रेघ मारतो, आणि सहा महिन्यांनी कळतं की रेग्युलेटरवर हात पोचत नाही. माप आधी घेतलं तर ही वेळ येत नाही. त्यासाठी ती टाकी अशा आकाराची का झाली आणि ओट्याखाली कशी आली, हे माहीत असलेलं बरं.

मुंबईत गॅस आला तो १९५०च्या दशकाच्या मध्याला. तुर्भे-माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि बर्मा शेलने 'बर्शेन' नावाने घरोघरी टाक्या द्यायला सुरुवात केली. इंडियन ऑइलचा इंडेन १९६५ साली कलकत्त्यात आला. पुढे १९७०च्या दशकात परदेशी तेलकंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली आणि बर्मा शेलची भारत पेट्रोलियम.

तोवर बहुतेक घरांत स्वयंपाक बसून व्हायचा. चूल जमिनीवर, स्टोव्हही जमिनीवर किंवा चौरंगावर. गॅसला ही पद्धत चालेना. हा वायू हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि मोरीकडे किंवा उंबऱ्याकडे सरकत जातो. ज्योत जमिनीलगत असेल तर पहिली भेट तिचीच. म्हणून शेगडी टाकीपेक्षा वर हवी, हा नियम कंपन्यांनी जोडणी देतानाच घातला. आजही सांगतात की शेगडीचा ओटा टाकीच्या माथ्यापेक्षा किमान सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर वर असावा. बायका उभ्याने स्वयंपाक करू लागल्या यामागे फ्लॅटची रचना, बदललेल्या सवयी असं बरंच काही होतं, पण माझ्या मते त्यात या टाकीच्या उंचीचाही वाटा आहे.

आता टाकीचं माप. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. आकडा विचित्र वाटतो, पण तो टाकीच्या पोटातून आला आहे. ती काठोकाठ भरली तर तिच्यात ३३.३ लिटर पाणी मावतं. द्रवरूप गॅस उन्हाळ्यात पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त फुगतो, म्हणून वर मोकळी जागा ठेवून लिटरमागे सुमारे ४२५ ग्रॅमच भरतात. ३३.३ला त्याने गुणलं की १४.२ च्या आसपास येतं. रिकाम्या टाकीचं वजन कड्याखालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, साधारण १५ ते १६ किलो. म्हणजे भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास. ती सरकवणाऱ्याला कंबर आहे, हेही जागा ठरवताना धरावं.

बाहेरचं माप घ्यायला टाकीच्या मध्यावर, जोडाच्या जरा वर, सुतळी गुंडाळावी. ती साधारण एक मीटर भरते. ३.१४ ने भागलं की व्यास येतो सुमारे ३२ सेंटिमीटर. जमिनीपासून वरच्या कड्यापर्यंत उंची ६२-६३. टाकी-टाकीत थोडा फरक पडतो आणि प्रत्येक वेळी बदलून येणारी टाकी तीच नसते, म्हणून चारी बाजूंनी सैल ठेवावं. हॉटेलात दिसणारी १९ किलोची टाकी घेराने जवळपास एवढीच, पण उंच असते. एकीचं माप दुसरीला लावू नये.

एका ओळखीच्या घरातला हिशोब सांगतो. ओटा जमिनीपासून ८४ सेंटिमीटर. वरचा ग्रॅनाइट आणि खालचा कडप्पा मिळून ६ सेंटिमीटर गेले, उरले ७८. टाकी ६३ची. म्हणजे रेग्युलेटर बसवायला, फिरवायला आणि हात घालायला १५ उरले. टाकी जमिनीवर उभी असेल तर ठीक. शेगडी टाकीच्या माथ्यापेक्षा २१ सेंटिमीटर वर राहते, नियमही पाळला जातो. पण सोय म्हणून ९ सेंटिमीटर उंचीची चाकांची ट्रॉली आली. टाकीचा माथा ७२ वर गेला. वर उरले ६, त्यात मूठही मावत नाही. आणि ओट्याशी फरक झाला १२, म्हणजे सहा इंचांची अटही मोडली. सगळा घोळ एका ट्रॉलीने केला. मॉड्युलर कपाटात खालची पट्टी आणि तळफळी मिळून दहा-बारा सेंटिमीटर सहज जातात. म्हणून टाकीच्या खणाला तळफळी नकोच, टाकी थेट फरशीवर उभी राहावी. रुंदी ४५ सेंटिमीटर ठेवली तर दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर मिळतात आणि टाकी कलती करून, कडेवर फिरवत बाहेर काढता येते.

खण बंद असेल तर हवेला वाट हवी. जाळी फक्त वर ठेवणं ही सुतारांची ठरलेली चूक. जड वायू बाहेर पडायला ती खाली, फरशीलगत हवी, आणि हवा आत यायला वरही. त्याच खणात फ्रीजचा प्लग किंवा वॉटर प्युरिफायरचा बोर्ड काढला असेल तर तो हलवावा. टाकी शेगडीच्या बरोब्बर खाली न ठेवता एका बाजूला ठेवावी, पण नळी दीड मीटरच्या वर जाऊ नये इतकीच दूर. ओट्याच्या भोकातून नळी वर घेतली असेल तर ती दगडाच्या कडेला घासत नाही ना, हे पाहावं.

जमिनीच्या क्षेत्रफळाचा नियम भारतीय मानक ६०४४ मध्ये आहे: घरात एकूण ४० किलोपर्यंत गॅस ठेवायचा तर किमान ५ चौरस मीटर जागा. दोन घरगुती टाक्या मिळून २८.४ किलो, म्हणजे मर्यादेत. तळघरात किंवा खड्ड्यात टाकी ठेवायला मनाई आहे. पाच चौरस मीटर का लागतात, हे साध्या गणिताने समजतं. हवेत सुमारे १.८ टक्के गॅस मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकतं. पाच चौरस मीटरच्या खोलीत फरशीपासून ३० सेंटिमीटरपर्यंतची हवा दीड घनमीटर. तिचे १.८ टक्के म्हणजे २७ लिटर वायू, वजनात साठेक ग्रॅम. टाकीत १४,२०० ग्रॅम असतात. खोली याहून लहान असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. त्यात दार-खिडकी बंद करून झोपायची सवय असेल तर वास येईपर्यंत थर साचलेला असतो.

दुसरी टाकी घरात आली ती दोन सिलिंडरांची जोडणी मिळू लागल्यावर. राखीव टाकी म्हणून ती बाल्कनीत उन्हात किंवा माळ्यावर आडवी गेली, आणि आडवी हीच मोठी चूक. उभ्या टाकीच्या तोंडाशी वायू असतो, आडवीच्या तोंडाशी द्रव येऊ शकतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. राखीव टाकीला टोपी लावून, उभी, सावलीत, फरशीवर ठेवावी.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा हाच जुना प्रश्न झोपड्यांतून आणि पाड्यांवरून परत पुढे आला. तिथे ओटाच नव्हता, चुलीशेजारी जमिनीवर शेगडी आणि तिच्या बाजूला टाकी. जोडणी देणाऱ्यांना आधी उंच कट्टा किंवा भक्कम टेबल आहे का, ते पाहावं लागायचं. अशा घरांसाठी ५ किलोची टाकीही होती. ती बुटकी, त्यामुळे सहा इंचांची अट कमी उंचीच्या कट्ट्यावरही पुरी होते.