एका कडेचे दोन दावेदार: अँड्रॉइडमधला ‘मागे’चा स्वाइप

बटणं काढून जेश्चर सुरू केले की पहिली तक्रार ठरलेली असते: डाव्या कडेवरून मेनू ओढायला जावं आणि ॲपच बंद व्हावं. या भांडणाचं मूळ 2013 सालात आहे. त्या वर्षी गूगलने डावीकडून सरकत येणारा मेनू, म्हणजे ड्रॉवर, ॲप बनवणाऱ्यांना तयार घटक म्हणून दिला. तीन आडव्या रेघांवर टॅप करा किंवा कडेवरून बोट ओढा, दोन्हींनी तो उघडायचा. तेव्हा ‘मागे’चं बटण खाली होतं, त्यामुळे कड मोकळी होती.

2019 मध्ये अँड्रॉइड 10 ने पूर्ण जेश्चर आणले आणि ‘मागे’ जाण्याचा स्वाइप दोन्ही कडांना दिला. यामागे हिशोब होता. लोक ‘होम’पेक्षा ‘मागे’ बरंच जास्त वापरतात, त्यामुळे फोन कोणत्याही हातात असला तरी अंगठा तिथे पोचायला हवा. ड्रॉवर मात्र गूगलच्या ॲपमध्ये 3 ते 7 टक्के लोकच ओढून उघडत. बाकीचे रेघांवर टॅप करत. निर्णय मला पटतो, पण ज्यांची सवय मोडली त्यांचा त्रास खरा होता.

बीटा आवृत्त्यांमध्ये आधी एक तोडगा आला: कडेवर बोट क्षणभर दाबून धरलं की ड्रॉवर थोडा डोकावतो, मग तो ओढायचा. हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं अशक्य. ॲपलाही कडेचा काही भाग ‘इथे मागे नको’ म्हणून राखून ठेवता येतो, पण प्रत्येक कडेला उभ्या दिशेने 200 डीपीपर्यंतच, म्हणजे साधारण सव्वातीन सेंटिमीटर. फोटो कापायच्या चौकटीचा कोपरा पकडायला तेवढं पुरतं. वरपासून खालपर्यंत कुठूनही ओढल्या जाणाऱ्या ड्रॉवरला पुरत नाही. मर्यादा नसती तर एखाद्या ॲपने सगळी कड अडवली असती आणि ‘मागे’ जायला वाटच उरली नसती.

शेवटच्या बीटामध्ये ‘मागे’ची संवेदनशीलता कमी-जास्त करायची सोय आली. ती अँड्रॉइड 11 मध्ये दोन्ही कडांसाठी वेगळी झाली, आणि खरा उपाय मी त्यालाच मानतो. पिक्सेलवर `Settings > System > Gestures > System navigation` इथे जेश्चरशेजारचं दातेरी चाक दाबा. काही आवृत्त्यांत त्या पानाचं नाव `Navigation mode` आहे. इतर कंपन्यांच्या फोनवर जागा आणि पर्याय वेगळे असतात. `Left edge` सर्वांत कमी करा, `Right edge` तशीच ठेवा. डावीकडे ‘मागे’ ओळखणारी पट्टी अरुंद होते, म्हणून बोट कडेपासून जरा आत ठेवून ओढलं की ड्रॉवर येतो. ‘मागे’ जायला उजवी कड वापरायची.

जमलं की नाही ते बाणावरून ओळखा. ओढताना कडेवर बाण दिसला, तर तो स्वाइप फोनने ‘मागे’ म्हणून घेतला आहे; बोट न उचलता पुन्हा कडेकडे नेलं की तो रद्द होतो. काही ॲप कडेच्या अगदी चिंचोळ्या पट्टीतच ड्रॉवरचा स्पर्श ओळखतात. तिथे संवेदनशीलता कितीही कमी केली तरी ‘मागे’च जिंकतं, आणि तीन रेघांवर टॅप करणं एवढाच मार्ग उरतो.