शिकणारी जाहिरात आणि फसलेली जाहिरात: विक्री दोन्हींत शून्यच दिसते

नमस्कार मॅडम,

तुमचा कालचा मेल वाचला. ‘चार दिवस झाले, पैसे जात आहेत, एकही ऑर्डर नाही, जाहिरात बंद करूया का?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पैसे तुमचे आहेत, तेव्हा तो विचारायलाच हवा. माझं उत्तर आहे, आत्ता बंद करू नका. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण नव्या खात्याच्या पहिल्या आठवड्यात बहुतेकांची याच ठिकाणी गल्लत होते आणि चांगल्या जाहिराती उगाच बंद पडतात.

फसलेली जाहिरात तुम्हाला ठाऊक आहे. लोक बघतात, पुढे जातात, खर्च होतो, माल हलत नाही. त्याबद्दल अधिक सांगत नाही. शिकणारी जाहिरात मात्र वेगळी, आणि अडचण अशी की पहिले काही दिवस वरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. विक्रीच्या रकान्यात दोन्हीकडे शून्यच असतं.

मेटाच्या Ads Manager मध्ये, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती आपण जिथून चालवतो तिथे, आपल्या जाहिरातीसमोर Learning, म्हणजे ‘शिकते आहे’, असं लिहिलेलं आहे. तुमचा माल कोण विकत घेतं याची आपल्या नव्या खात्याकडे अजून एकही नोंद नाही. म्हणून यंत्रणा सध्या वेगवेगळ्या लोकांना जाहिरात दाखवून पाहते आहे. एका अ‍ॅड सेटला, म्हणजे एकाच प्रेक्षकगटासाठीच्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्याभरात साधारण ५० खरेद्या मिळाल्या की तिचा अंदाज स्थिरावतो. तुमच्या आधीच्या व्यवसायाच्या खात्यात पहिल्याच दिवशी ऑर्डर यायच्या असं तुम्ही लिहिलंत. त्या खात्याकडे आधीच्या ग्राहकांची नोंद होती आणि जाहिरात त्यांनाही दिसत होती. इथे ते लोकच नाहीत, त्यामुळे ती तुलना या खात्याला लावता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. शून्य विक्री ‘शिकण्यामुळे’ की ‘फसल्यामुळे’, हे दिवस मोजून कळत नाही. किती लोक प्रत्यक्ष तुमच्या विक्रीच्या पानावर आले यावरून कळतं. ‘सात दिवस थांबा’ हा सल्ला सगळीकडे फिरतो, आणि मला तो मनापासून खटकतो. रोज हजार माणसं आणणाऱ्या जाहिरातीला सात दिवस फार झाले, रोज दहा आणणारीला अगदीच अपुरे.

आपलेच आकडे घेऊ. चार दिवसांत १२० क्लिक झाले आणि त्यातल्या १०० जणांच्या फोनवर पान पूर्ण उघडलं. हिशेबापुरतं धरा की पान चांगलं आहे आणि शंभरात एक जण विकत घेतो. मग १०० भेटींत एक ऑर्डर यायलाच हवी, असं आपल्याला वाटतं. पण शंभरात एक ही सरासरी आहे, दर शंभराला एक असा नेम नाही. गणित केलं तर अशा चांगल्या पानावरही पहिल्या १०० भेटींत एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के निघते. म्हणजे जवळपास तीनातून एकदा. या शून्यावरून जाहिरात वाईट ठरवणं घाईचं होईल. तेच ३०० भेटींनंतरही शून्यच राहिलं, तर चांगल्या पानावर तसं होण्याची शक्यता सुमारे ५ टक्केच उरते. तेव्हा मात्र ‘अजून शिकते आहे’ म्हणत बसणं चूक. आपल्याकडे रोज सुमारे २५ जण पानापर्यंत पोहोचतात, म्हणजे ३०० चा आकडा बाराव्या दिवसाच्या आसपास येईल. माझा निर्णयाचा दिवस तो आहे.

तोवर डोळे मिटून थांबायचं नाही. विक्रीच्या आधीच्या पायऱ्या बोलतात, आणि फसलेली जाहिरात तिथे लवकर उघडी पडते. १२० क्लिकमधून ३०-४० जणांचंच पान उघडलं असतं, तर पान जड आहे असं मी म्हटलं असतं. शंभरातल्या एकानेही वस्तू कार्टमध्ये टाकली नसती, तर किंमत, फोटो किंवा माहिती यांवर संशय घेतला असता. आपल्याकडे पाच जणांनी वस्तू कार्टमध्ये टाकली आहे. लोकांना वस्तू हवीशी वाटते, हे त्यातून दिसतं. शिकणाऱ्या जाहिरातीची हीच खूण: विक्री शून्य, पण आधीच्या पायऱ्यांवर हालचाल. पुढच्या आठवड्यात कार्ट भरत राहिल्या आणि ऑर्डर येईनात, तर जाहिरातीला हात न लावता आधी डिलिव्हरीचा खर्च आणि पेमेंटचं पान तपासू.

अहवालाबद्दल एक छोटी गोष्ट. जाहिरातीवर सोमवारी क्लिक केलेल्या माणसाने गुरुवारी खरेदी केली, तर Ads Manager ती विक्री सोमवारच्या नावावर लिहितो. आपल्या सेटिंगमध्ये क्लिकनंतर सात दिवसांपर्यंतची खरेदी धरली जाते. त्यामुळे कालची ओळ आज रिकामी दिसली, तरी ती नंतर भरू शकते. रोज रात्री कालचा आकडा पाहून मनाला लावून घेऊ नका.

आणि कळकळीची विनंती: मधेच बदल नकोत. परवा तुम्ही फोटो बदलायला सांगितलात, काल वयोगट. असा प्रत्येक मोठा बदल शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नवी जाहिरात त्याच सेटमध्ये घातली तरी तेच होतं. सात दिवस किंवा त्याहून जास्त बंद ठेवून पुन्हा सुरू केली तरीही. रोज ढवळलेलं खातं कधीच शिकत नाही, आणि मग दोष जाहिरातीला दिला जातो.

एक बदल मात्र मी आजच करतो. सध्या दोन अ‍ॅड सेट आहेत आणि तुटपुंजे आकडे त्यांत विभागले जातात. ते एकत्र करतो. शिकणं एकदा नव्याने सुरू होईल, पण झालेल्या १०० भेटी पानाचा अंदाज घेण्यासाठी आपल्या हिशेबात राहतीलच. हेही आत्ताच सांगून ठेवतो: आठवड्याला १७५ भेटी आणि शंभरात एक खरेदी या हिशेबाने ५० खरेद्या होणार नाहीत. काही दिवसांनी तिथे Learning limited दिसेल. त्याचा अर्थ जाहिरात फसली असा नाही. यंत्रणा कमी माहितीवर चालते आहे आणि निकाल वरखाली होत राहतील, एवढाच. तो शब्द घालवण्यासाठी खरेदीऐवजी क्लिकचं उद्दिष्ट ठेवावं असं कुणी सुचवेल. मी ते करणार नाही. क्लिक मागितले की यंत्रणा क्लिक करणारी माणसं शोधते, आणि ती विकत घेणारीच असतील असं नाही. त्यापेक्षा थोडे आणि चढउताराचे, पण खरेदीचे आकडे मला चालतील.

आज तुमच्याकडून एकच मदत हवी. तुमच्या फोनवरून जाहिरातीच्या पानावर जाऊन एक खरी ऑर्डर पूर्ण करा, पेमेंटसकट. ती पूर्ण झाली की मेटाच्या Events Manager मध्ये Purchase, म्हणजे खरेदीची, नोंद येते का ते मी पाहीन. ती आली नाही, तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी पिक्सेल, म्हणजे खरेदीची खबर मेटाला देणारा वेबसाइटवरचा कोड, दुरुस्त करावा लागेल, कारण खरेदी कळलीच नाही तर यंत्रणा त्यातून काही शिकूच शकत नाही. दुपारी चारनंतर कधीही चालेल, सुरू करण्याआधी एक मेसेज टाका.

कळावे.