लिसनिंग ॲड्रेस : लूपबॅक की सर्व इंटरफेस

सर्व्हर प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमकडे एक पत्ता आणि एक पोर्ट मागून घेतो. या मागणीला बाइंड करणे म्हणतात आणि त्यातल्या पत्त्याला लिसनिंग ॲड्रेस. पत्ता `127.0.0.1` असेल तर सेवा लूपबॅकवर, म्हणजे त्याच यंत्रातल्या प्रोग्रामांसाठी चालते. `0.0.0.0` असेल तर यंत्राच्या प्रत्येक IPv4 पत्त्यावर आलेली जोडणी ती स्वीकारते: वायफाय, केबल, व्हीपीएन, लूपबॅक, सगळीकडची. IPv6 मध्ये यांच्या जागी `::1` आणि `::` येतात. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये `::` वर बसलेली सेवा बहुधा IPv4 जोडण्याही घेते.

जोडणीची विनंती आली की कर्नल तिचा गंतव्य पत्ता आणि पोर्ट पाहतो आणि त्यांना जुळणारे सॉकेट शोधतो. विनंती कोणी पाठवली, हे इथे पाहिलेच जात नाही. त्यामुळे बाइंडच्या ओळीत मित्र-यंत्राचा पत्ता लिहून फक्त त्यालाच प्रवेश देता येईल, ही समजूत चुकीची आहे. तिथे स्वतःच्याच यंत्राचा पत्ता लागतो. कोणाला येऊ द्यायचे हे फायरवॉल आणि पासवर्ड ठरवतात. जुळणारे सॉकेट नसेल तर कर्नल जोडणी तिथल्या तिथे नाकारतो आणि पलीकडे लगेच `Connection refused` दिसते. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल, तर मात्र पलीकडचा प्रोग्राम ताटकळतो आणि शेवटी टाइमआउट होतो. बिघाड शोधताना हा फरक फार उपयोगी पडतो.

सेवा कुठे ऐकते आहे हे लिनक्सवर `ss -ltn` ने कळते:

```
State   Recv-Q  Send-Q  Local Address:Port  Peer Address:Port
LISTEN  0       511     127.0.0.1:6379      0.0.0.0:*
LISTEN  0       511     0.0.0.0:8080        0.0.0.0:*
```

पाहायचा तो `Local Address` चा रकाना. शेवटच्या रकान्यातले `0.0.0.0:*` IPv4 वर ऐकणाऱ्या प्रत्येक सॉकेटपुढे येते. ते पाहून पहिली सेवाही जगाला उघडी आहे असे अनेकांना वाटते. ती उघडी नाही. `127` ने सुरू होणारे पत्ते यंत्राबाहेरच्या नेटवर्कवर जायचेच नाहीत असा नियम आहे, आणि बाहेरून तशा पत्त्यासाठी पॅकेट आलेच तर लिनक्स ते सहसा टाकून देतो.

वरच्या यादीतले `6379` हे रेडिसचे पोर्ट. विश्वासातल्या नेटवर्कमध्ये चालवायचा डेटाबेस म्हणून रेडिस बनवला गेला आणि त्याला मुळात पासवर्ड लावलेला नसतो. २०१५ मध्ये त्याचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनीच दाखवून दिले की, असा उघडा रेडिस सापडला तर `CONFIG SET` ने फाइलची जागा बदलून आपली एसएसएच की `authorized_keys` मध्ये लिहिता येते आणि रेडिस ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याचे खातेच हाती येते. त्यानंतर २०१६ च्या ३.२ आवृत्तीत प्रोटेक्टेड मोड आला: बाइंडचा पत्ता आणि पासवर्ड दोन्ही दिलेले नसतील, तर लूपबॅकखेरीज इतरांना फक्त त्रुटीचा संदेश मिळे.

डॉकरमध्ये हे गणित बदलते, आणि खरी फसगत इथेच होते. प्रत्येक कंटेनरचे लूपबॅक सहसा वेगळे असते. बाहेरून पोर्टवर आलेले पॅकेट कंटेनरच्या `172.17.0.2` सारख्या पत्त्यावर वळवले जाते, म्हणून कंटेनरच्या आत `127.0.0.1` वर बसलेल्या सेवेपर्यंत ते पोचत नाही. आतल्या सेवेला `0.0.0.0` वर बसवणे भागच पडते, आणि रेडिसच्या अधिकृत इमेजमध्ये याच सोयीसाठी प्रोटेक्टेड मोड बंद ठेवलेला आहे. अशा वेळी नुसते `-p 6379:6379` लिहिले, तर यजमान यंत्राच्या सर्व इंटरफेसवर बिनपासवर्डचा रेडिस उघडा होतो. उबुंटूवर `ufw` ने ते पोर्ट बंद केले असले तरी डॉकरचे नियम पॅकेट आधीच दुसऱ्या वाटेने वळवतात, त्यामुळे तो अडसर लागूच होत नाही. पत्ता यजमानाच्या बाजूला लिहावा लागतो:

```
docker run -d -p 127.0.0.1:6379:6379 redis
```

२८.० पूर्वीच्या डॉकर आवृत्त्यांमध्ये एवढ्यानेही भागत नसे. त्याच स्थानिक नेटवर्कमधले यंत्र अशा पोर्टपर्यंत पोचू शकत असे.

लूपबॅकवरची सेवा त्या यंत्रावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला आणि प्रोग्रामला खुली असते, तेव्हा अनेकजण वापरत असलेल्या सर्व्हरवर पासवर्ड लागतोच. दुरून काम करायचे असल्यास पत्ता बदलण्याऐवजी एसएसएचचा बोगदा वापरतात:

```
ssh -L 6380:127.0.0.1:6379 user@server
```

यात `127.0.0.1` हा सर्व्हरच्या बाजूचा पत्ता आहे. आपल्या लॅपटॉपवर `6380` ला जोडले की जोडणी एसएसएचमधून सर्व्हरवर जाते आणि तिथल्या रेडिसला ती लूपबॅकवरूनच आलेली दिसते.